आधी फोटो, मग सातबारा

पूर्वी स्थळाची माहिती पोस्टाने यायची. फोटो मागाहून मागवायचा आणि नकार द्यायचा तर सौजन्याने परतही पाठवायचा. आता बायोडाटा मोबाइलवर येतो आणि शिक्षण वाचून होण्याआधी फोटो मावशीपर्यंत पोचलेला असतो.

समजा, सांगलीकडचं एक स्थळ आहे. मुलगा बी.ई., पुण्यात नोकरी, पॅकेज 12 लाख, गावी 3 एकर बागायत, एका बहिणीचं लग्न झालेलं. फोटोत गॉगल आणि खांद्यावर कापलेल्या मित्राचा उरलेला हात. मुलीची आई नाक मुरडते. वडील पॅकेज वाचून दाखवतात आणि तोच फोटो ‘तसा बरा आहे’ होतो. मग खरी चौकशी सुरू होते. व्हेरिएबल आणि पीएफ वजा जाता 12 लाखांचे महिना ऐंशी हजारांच्या आसपास हातात येतात. बागायत सातबाऱ्यावर अजून आजोबांच्या नावे असेल, तर तीन काकांचा वाटा धरावा लागतो. मामा कुठले, देवक कोणतं, हेही निघतं. या सगळ्यात फोटोची आठवणही कुणाला राहत नाही. तो परत बाहेर येतो तो दोन स्थळं सारखीच उतरली तर.

मुलीच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू होत नाही. तिचा पगार कितीही असो, फोटो ‘बरा’ होत नाही. ‘नोकरी उत्तम, पण जरा सावळी’ हे वाक्य अजूनही बिनदिक्कत बोललं जातं, आणि तेही स्वतःचा मुलगा सावळा असताना. नकार मात्र ‘पत्रिका जुळत नाही’ असाच कळवतात. जन्मवेळ न विचारताच हे उत्तर आलं, तर काय जुळलं नाही ते समजून घ्यावं.

म्हणून फोटो निदान प्रामाणिक असावा. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं. उभा फोटो डोक्याच्या उंचीवरून घेतला की पाय आखूड दिसतात आणि पाच-चारची मुलगी पाच-दोनची वाटते. सात-आठ फुटांवरून, मोबाइल छातीच्या उंचीवर धरून, सकाळच्या उजेडात काढावा. फिल्टर चेहरा उजळतो, पण मान आणि मनगट बहुधा तसेच राहतात. चार लग्नं जमवलेल्या आत्याबाई आधी मनगटच बघतात. फिल्टरमुळे स्थळ घरापर्यंत येतं खरं, पण पोह्यांची बशी हातात असताना पाहुण्यांचे चेहरे वाचावे लागतात.

काही पालक माहितीला मान मिळावा म्हणून फोटो दुसऱ्या पानावर टाकतात. बघणारा पहिलं पान न वाचता अंगठ्याने वर सरकवतो.