जुनी पेन्शन मिळाली, पण एका कात्रणाने जीव काढला

माझ्या नोकरीची जाहिरात 2005 च्या मे महिन्यातली, रुजू झालो 2006 ला. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेले सगळे सरकारी कर्मचारी नव्या पेन्शन योजनेत, म्हणजे आताच्या एनपीएसमध्ये, म्हणून मीही तिकडेच. मग 2 फेब्रुवारी 2024 चा जीआर आला, जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची असेल तर जुन्या पेन्शनचा विकल्प द्या, मुदत सहा महिने.

विकल्प भरला एका दिवसात. आस्थापनेचा बाबू म्हणाला, जाहिरातीचं मूळ कात्रण आणा, तारखेसकट. अहो, 19 वर्षांपूर्वीचा पेपर कोण जपून ठेवतं! मी म्हटलं निवड यादीत जाहिरात क्रमांक आहे की, तर म्हणे "क्रमांक आहे, तारीख कुठंय?" तीन आठवडे हेच. शेवटी सार्वजनिक वाचनालयात जुन्या फायलींचे गठ्ठे उपसले, नाक धुळीने भरलं, आणि मेच्या एका अंकात पान सातवर सापडली. झेरॉक्स साक्षांकित करून दिली आणि आवक क्रमांक घेतला. तो घ्याच, मला दोनदा उपयोगी पडला, कारण अर्ज दोनदा "सापडत नव्हता".

बायको विचारायची, एवढी धडपड कशाला, एनपीएसमध्येही पैसे जमतायत ना? तिला असं सांगितलं, समजा शेवटचं मूळ वेतन 60,000. जुन्यात निम्मे 30,000 आणि वर महागाई भत्ता, बाजार पडो की चढो, तूट आली तर तिजोरी भरते. नव्यात माझे 10 टक्के, सरकारचे 14, ते गुंतवले जातात आणि जे होईल ते माझं. समजा 40 लाख जमले, त्यातले किमान 40 टक्के म्हणजे 16 लाख वार्षिकीत, 6 टक्के दर धरला तर महिन्याला 8,000, आणि महागाई भत्ता नाही. उरलेले 24 लाख हातात मिळतात हे खरं, पण ते सांभाळायचे आपणच, आणि मी 85 पर्यंत जगलो तर पुरतील का हेही आपणच बघायचं. निवृत्तीच्या महिन्यात बाजार किंवा व्याजदर खाली असेल तर तेही आपल्याच माथी.

आणि एक धोका कुणी सांगत नाही. एनपीएसचं माझं खातं, म्हणजे प्राण खातं, त्याचं स्टेटमेंट काढलं तर 14 महिन्यांची कपात जमाच नव्हती, पगारातून कापलेली, पण कुठेतरी अडकलेली. नव्यात न जमलेला हप्ता म्हणजे त्याच्यावरची वाढही बुडाली, आणि ती माझीच बुडाली. जुन्यात हिशोब सेवापुस्तक आणि शेवटच्या पगारावर, असल्या गोंधळाने पेन्शन कमी होत नाही. विकल्प मंजूर झाल्यावर माझा हिस्सा जीपीएफला, म्हणजे जुन्या पेन्शनवाल्यांच्या भविष्य निर्वाह निधीला वळवायचा होता तेव्हा हे 14 महिने परत आडवे आले. जुन्या पगारपावत्या आईने ट्रंकेत ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

जीपीएफ नंबर आलाय. 14 पैकी 11 महिने जमा झाले, उरलेल्या तीन महिन्यांसाठी परवा पुन्हा जायचंय.