शून्याचं रीडिंग

डीपी जळाली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत इन्व्हर्टरवर फक्त रंगमापक यंत्र चालतं, काँप्युटर नाही. यंत्रावरची रीडिंगं वहीत लिहून झाली होती आणि बाहेरच्या बाकावर एका गावचे जलसुरक्षक बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांची ग्रामसभा होती, गावात बोअर एकच, आणि तिच्यात फ्लोराईड किती हे त्यांना त्याच दिवशी हवं होतं. "लाईट कवा येईल मॅडम?" असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर मी ड्रॉवरमधला साधा कॅल्क्युलेटर काढला.

फ्लोराईडची ही तपासणी उलटी चालते. रंगद्रव्य आणि झिर्कोनियमचं मिश्रण लाल असतं. फ्लोराईड झिर्कोनियमला ओढून घेतं, तसा रंग फिका होतो. त्यामुळे फ्लोराईड वाढलं की रीडिंग कमी होतं, आणि ज्या नळीत फ्लोराईड शून्य तीच सगळ्यात लाल. बाहेरच्या माणसाला हे सुचणार नाही, आणि नव्या पोरांच्या चुकाही इथंच होतात. प्रत्येक नळीत ५० मिली पाणी आणि १० मिली रसायन. हे १० मिली काटेकोर मोजावं लागतं, कारण रंग सगळा त्यातूनच येतो.

त्या दिवशीची पाच स्टँडर्ड, म्हणजे फ्लोराईड किती ते आधीच ठाऊक असलेल्या नळ्या, अशी होती. x म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम फ्लोराईड, y म्हणजे यंत्राचं रीडिंग:

```
x      y
०.०   ०.७०२
०.३   ०.६४१
०.६   ०.५६६
०.९   ०.४९७
१.२   ०.४२४
```

आमच्याकडचं लॅब असिस्टंट पोरगं पदवीधर आहे, पण हातानं रेषा काढलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. दोष त्याचा नाही, परीक्षेपुरतं शिकवणाऱ्यांचा आहे. मी त्याला चार बेरजा करायला सांगितल्या. x ची बेरीज ३.०, y ची २.८३०. मग प्रत्येक ओळीतला x गुणिले y: पहिली ओळ शून्य, पुढच्या ०.१९२३, ०.३३९६, ०.४४७३, ०.५०८८, मिळून १.४८८०. शेवटी x च्या वर्गांची बेरीज, २.७०. एवढं झालं की रेषेचा स्लोप m आणि इंटरसेप्ट c यांचं सूत्र सरळ आहे, n म्हणजे नळ्या, पाच:

```
m = (nΣxy − Σx·Σy) / (nΣx² − (Σx)²)
c = (Σy − m·Σx) / n
```

वर ५ × १.४८८ म्हणजे ७.४४, वजा ३ × २.८३ म्हणजे ८.४९, उरले −१.०५. खाली ५ × २.७ म्हणजे १३.५, वजा ९, उरले ४.५. म्हणून स्लोप −०.२३३३.

पोराचं उत्तर −०.०२९ आलं होतं. त्यानं Σx² च्या जागी ३ चा वर्ग, म्हणजे ९ घातला होता. वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांतला हा घोटाळा सगळ्यात जुना. तो पकडायला सूत्र लागतच नाही. पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत रीडिंग ०.२७८ उतरलं, फ्लोराईड १.२ चढलं, भागाकार ०.२३ च्या आसपास. दहापट वेगळं काही आलं, तर गणित चुकलं.

इंटरसेप्टला त्यानं दुसरा गोता खाल्ला. m ऋण आहे, त्यामुळे वजा-वजा अधिक होऊन (२.८३ + ०.७०) भागिले ५ म्हणजे ०.७०६ यायला हवं. त्यानं वजा केलं आणि ०.४२६ आणलं. ही चूक फसवी, कारण ०.४२६ हा आकडा ओळखीचा वाटतो. शेवटच्या नळीचं रीडिंग ०.४२४ च आहे. पण इंटरसेप्ट म्हणजे शून्य फ्लोराईडला रेषा कुठं आहे ते, आणि ती जागा पहिल्या नळीजवळ हवी.

माझी स्वतःची पडताळणी वेगळी असते. स्टँडर्ड समान अंतरावर असली की x च्या जागी −२, −१, ०, १, २ लिहायचं. त्यांची बेरीज शून्य, वर्गांची १०. y शी गुणून बेरीज केली की −०.७००. म्हणजे एका पायरीला −०.०७, आणि पायरी ०.३ ची, म्हणून पुन्हा −०.२३३३. निम्म्या मिनिटाचं काम. पोरगं म्हणालं, "मग हेच आधी का नाही सांगितलं?" कारण एखादं स्टँडर्ड सांडलं की अंतरं समान राहत नाहीत, बाबा.

आता बोअरचं पाणी. फ्लोराईड जास्त असणार हे माहीत असल्यानं निम्मं डिस्टिल्ड पाणी घालून पातळ केलं होतं. रीडिंग ०.५२७. म्हणजे (०.७०६ − ०.५२७) भागिले ०.२३३३, आलं ०.७६७, दुप्पट करून १.५३. भारतीय मानकात १.० पर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. दीडच्या जरा वर.

साडेतीनला लाईट आली. सवयीनं आकडे शीटमध्ये टाकले, तर निकाल १.५०.

आधी मला माझंच गणित चुकलं असं वाटलं. दोनदा तपासलं. मग शीटच्या खान्यांवर क्लिक करून पाहिलं:

```
m:  =SLOPE(B2:B6,A2:A6)
c:  =B2
```

स्लोप पाचही बिंदूंवरून, आणि इंटरसेप्ट म्हणून नुसतं पहिल्या नळीचं रीडिंग! कुणीतरी कधीकाळी विचार केला असणार की शून्य फ्लोराईडचं रीडिंग म्हणजेच इंटरसेप्ट. ऐकायला बरोबर वाटतं. पण पहिली नळीही एक मोजमापच आहे, तिच्यातही पिपेटची चूक असते. रेषा पाचही जणांचं ऐकून ०.७०६ म्हणते, पहिली नळी एकटी ०.७०२. हा ०.००४ चा फरक स्लोपनं भागला की ०.०१७ होतो आणि पातळ केल्याबद्दल दुप्पट झाला की ०.०३.

वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "दीड म्हणजे पासच की. एवढं काय करायलात?"

त्यांचं सगळंच चूक नव्हतं, हे मला मान्य करावं लागतं. रेषेपासून पाचही बिंदूंची अंतरं काढली: −०.००४, +०.००५, ०, +०.००१, −०.००२. बेरीज शून्य, पण ती तर नेहमीच शून्य येते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. वर्ग करून, बेरीज घेऊन, ३ नं भागून वर्गमूळ काढलं तर ०.००३९. म्हणजे एका रीडिंगची स्वतःची थरथर साधारण तेवढीच, जेवढ्यावर आम्ही भांडत होतो. एका रीडिंगवरून १.५० आणि १.५३ वेगळे आहेत असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते.

म्हणून बाटलीतल्या उरलेल्या पाण्याची आणखी तीनदा वेगवेगळी पातळ नळी केली. ०.५२९, ०.५२४, ०.५२८. निकाल १.५२, १.५६, १.५३. तिन्ही दीडच्या वर; पण तिन्ही त्याच एका रेषेवरून काढलेले, रेषाच जरा सरकली असेल तर तिघंही सोबतच सरकणार. रिपोर्टवर १.५३ लिहिलं आणि जलसुरक्षकांना सांगितलं की पिण्यासाठी दुसरं पाणी बघा, पुढच्या आठवड्यात पुन्हा नमुना आणा. ते म्हणाले, "दुसरं पाणी कुठं हाय मॅडम?" आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

शीट मी दुरुस्त केली. पण जुने निकाल तिच्यात उरलेले नाहीत, दर वेळी त्याच खान्यांवर नवे आकडे टाकले जातात. रीडिंगं मात्र वहीत आहेत. पहिल्या नळीचं रीडिंग रेषेच्या वर असेल त्या दिवशी चांगलं पाणी नापास झालं असेल, खाली असेल त्या दिवशी उलटं. दुपारी जेवण झाल्यावर वही उघडते, १.४ ते १.६ मधले नमुने शोधते आणि चार बेरजा करते. कालपर्यंत अकरा झाले. त्यातल्या दोन गावांना फोन करायचा आहे.