नोंदींना हात लागेल असं काम धरा

"कॉलेज करताना शनिवार-रविवारी कुठलं काम धरलं तर पुढे करिअरला उपयोग होईल?"

मी एकच गोष्ट बघायला सांगते: तिथे तुम्हाला नोंदींना हात लावायला मिळेल का? पदाचं नाव मी त्यानंतर बघते.

माझ्या ओळखीतल्या कॉमर्सच्या एका मुलीपुढे दोन कामं होती. एकीकडे 'मार्केटिंग इंटर्न' असं भारदस्त पद, पण काम तयार मेसेज पुढे पाठवण्याचं. दुसरीकडे कपड्यांच्या दुकानातलं काउंटर. तिला अकाउंट्समध्ये जायचं होतं, म्हणून मी दुकान धरायला सांगितलं. मात्र आधीच विचारून घे म्हटलं, की महिन्याच्या स्टॉक मोजणीला मला बसवाल का? मालक हो म्हणाले.

तिसऱ्या मोजणीत एका डिझाइनचे निळे शर्ट कॉम्प्युटरवर 48 आणि प्रत्यक्षात 41 निघाले. सात कमी म्हणजे चोरी, असं सगळ्यांनी धरलं. तिने त्याच डिझाइनचे काळे शर्ट मोजले. कॉम्प्युटरवर 30, रॅकवर 35. गर्दीत कॅशियर एकच पीस स्कॅन करून संख्या टाकतो, मग निळा शर्टही काळ्याच्या कोडवर विकला जातो. तिने बिलं काढून, शर्ट बदलून घेताना बिलावरचा रंग जुळत नसल्याच्या तक्रारींशी ताडून पाहिली, तेव्हा पाच शर्टांचा हिशोब तिथे लागला. सहावा शोकेसमधल्या पुतळ्याच्या अंगावर होता. खरी तूट एका शर्टाची.

मुलाखतीत 'काउंटर सांभाळलं' म्हटलं तर पुढचा प्रश्नच येत नाही. 'पुस्तकी स्टॉक आणि प्रत्यक्ष स्टॉक यांतला फरक शोधला' म्हटलं की समोरचा कसा ते विचारतो, आणि तिच्याकडे सांगायला पायऱ्या असतात. ऑडिटमध्येही फरक दिसला की असंच मागे मागे जाऊन कारण काढतात. फक्त दुकानाची बिलं किंवा ग्राहकांची नावं स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नका. पद्धत लिहून ठेवा, आकडे बदलून.

तुमचा विषय वेगळा असेल तर नोंदीही वेगळ्या. मानसशास्त्र शिकणाऱ्याला हेल्पलाइनपेक्षा शाळाबाह्य वर्गातली मुलांची निरीक्षणवही आधी झेपेल, कारण हेल्पलाइनवर प्रशिक्षण आणि देखरेख नसेल तर ते काम धोक्याचं आहे.

काम धरताना परीक्षेच्या आठवड्यांची सुट्टी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आणि दोन-तीन महिने झाले तरी 'पुढच्या वेळी मोजणीला घेऊ' एवढंच ऐकू येत असेल, तर दुसरीकडे बघायला लागा. सोडताना मालकांकडून पत्र घ्या. त्यात 'प्रामाणिक आणि मेहनती' एवढंच नको, काय काम केलं तेही दोन ओळींत लिहायला सांगा.