ग्रॅब बार कुठल्या भिंतीला? बाबांच्या स्ट्रोकनंतर घराची पाहणी

बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी स्वतः उभी राहून बाथरूममध्ये ग्रॅब बार, म्हणजे उठता-बसताना धरायचा दांडा, बसवून घेतला. आमच्या पार्ल्याच्या घरात संडास-बाथरूम एकत्र आहे, साडेचार बाय सहा फूट. कमोडवर बसलं की डाव्या हाताला लगेच भिंत आणि उजवीकडे वॉशबेसिन. जवळ भिंत एकच, म्हणून बार तिथेच लावला. ओढून पाहिला, घट्ट होता.

तिसऱ्या दिवशी बाबा कमोडवरून उठले ते बेसिन धरून. बेसिन भिंतीपासून बोटभर सुटलं. भाऊ दाराशीच उभा होता म्हणून निभावलं. बाबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालाय, त्यामुळे डावा हात-पाय दुबळा झालाय. डावीकडचा बार त्यांना धरताच येत नव्हता. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्टला घरी बोलावलं. फिजिओ येतच होते, मग या वेगळ्या कशाला, असं आईचं म्हणणं होतं. फिजिओ हातापायात ताकद आणायला मदत करतात. या मॅडम, आहे त्या ताकदीत अंघोळ, संडास, कपडे, झोपणं-उठणं कसं जमेल, ते बघतात. हा विषय मुंबईत नवा नाही. १९५० साली कमला निंबकरांनी केईएममध्ये त्याचं शिक्षण सुरू केलं. तरी आमच्या ओळखीत कुणाला त्याची माहिती नव्हती.

मॅडम दोन तास होत्या. आधी त्यांनी टेप काढलीच नाही. म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज जसं करता तसंच मला दाखवा. मी मधे बोलणार नाही." बाबा पलंगावरून उठले, चार पायांची काठी घेऊन बाथरूमपर्यंत गेले, कपड्यांसकट कमोडवर बसले, उठले, परत आले. मॅडम फक्त हात कुठे जातो आणि पाय कुठे अडखळतो ते टिपत होत्या. मग टेप निघाली, आणि पहिलं माप घेतलं ते भिंतीचं नाही, बाबांचं. गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत, १७ इंच.

चार दिवसांनी सहा पानी रिपोर्ट आला. घरातले फोटो, त्यावर खुणा, प्रत्येक सूचनेपुढे कारण. कारण लिहिलेलं असल्यामुळे प्लंबर किंवा सुतार "असं नको, तसं करू" म्हणाला तर काय सोडता येईल आणि काय नाही, ते आम्हाला कळत होतं.

बारबद्दल लिहिलं होतं: कमोडच्या मागच्या भिंतीतून पुढे येणारा, वर उचलून ठेवता येणारा बार, कमोड आणि बेसिन यांच्या मधे, म्हणजे बाबांच्या उजव्या हाताला. तो बसवण्याआधी टाइल ठोकून बघायची, पोकळ आवाज आला तर तिथे भोक पाडायचं नाही. फ्लशचा पाइप कुठून जातो ते आधी शोधायचं. बोल्ट टाइलमध्ये नव्हे, आतल्या विटेत रुतायला हवा. बसवल्यावर लावणाऱ्याने स्वतःचं पूर्ण वजन टाकून दाखवायचं, मगच बाबांनी धरायचा. हवा काढून चिकटवायचे बार अजिबात नकोत, कारण ते सुटतात आणि सुटण्याआधी कळतही नाही.

कमोडची उंची साडेपंधरा इंच होती. दुकानात मिळणारा चार इंची उंच सीट मी आणणारच होते. मॅडमनी गणित करून दाखवलं: साडेएकोणीस इंचावर बाबांच्या टाचा जमिनीवर टेकणार नाहीत आणि उठताना पायात जोर येणार नाही. दोन इंची पुरे.

खरा धक्का पलंगाचा होता. आमचा दिवाण खाली सामान ठेवायच्या पेटीचा, बाजू थेट जमिनीपर्यंत. माणूस उठताना आधी पाय गुडघ्यांच्या मागे घेतो, मग पुढे झुकतो. पेटीमुळे बाबांच्या टाचा मागे जाऊच शकत नव्हत्या, म्हणून ते तीन-तीनदा प्रयत्न करून मागे कोसळत. आम्ही समजत होतो, ताकद नाही. शिवाय फोमची गादी बसल्यावर दबून उंची चौदा इंचच उरत होती. उंची मोजायची ती माणूस बसलेला असताना, हे मला तेव्हा कळलं. आता पाय मोकळे असलेली लाकडी खाट आहे, गादी घट्ट कापसाची, बसल्यावर उंची अठरा इंच. त्यासाठी सुताराने खाटेच्या पायांखाली खाच पाडलेले ठोकळे दिले. खाच नसेल तर खाट ठोकळ्यावरून घसरते.

खाटेची दिशाही बदलली. आधी उजवी बाजू भिंतीला होती, म्हणजे उतरायचं दुबळ्या बाजूने. आता उजवी बाजू मोकळी. दिव्याचं बटण, पाणी, बेल सगळं उजवीकडे, कारण डावीकडच्या वस्तूंकडे बाबांचं लक्ष जात नाही, डोळे चांगले असूनही. गप्पा मारायला मात्र डावीकडे बसायचं, म्हणजे ते तिकडे वळून बघतात.

बाथरूमचा उंबरा हा मला सर्वात अवघड वाटलेला भाग. बेडरूमकडून दोन इंच वर, आत तीन इंच खाली. उंबरा काढला तर पाणी बेडरूममध्ये येणार. म्हणून दाराच्या चौकटीला उभे बार सुचवले, एक नाही, दोन. आत जाताना उजवीकडे असलेला बार बाहेर येताना डावीकडे येतो, आणि डावा हात तर चालत नाही. पावलांचाही नियम लिहिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. तो कागद आईने दाराला चिकटवलाय.

अंघोळीसाठी पाठ आणि हात असलेली खुर्ची. बादली जमिनीवर ठेवली तर वाकताना तोल जातो, म्हणून ती उजवीकडे स्टुलावर. गरम पाणी उजव्या हातानेच तपासायचं, कारण डाव्या हाताला चटका लागलेला कळत नाही.

दार रुंद करणं, बेसिन हलवणं, फरशी फोडणं या गोष्टी मॅडमनी मुद्दाम पुढे ढकलल्या. सुरुवातीच्या महिन्यांत माणूस बराच बदलतो, त्यामुळे फोडाफोड आत्ताच नको. आणि फरशी फोडली की वॉटरप्रूफिंग आलं, सोसायटीची परवानगी आली, खालच्या मजल्यावर गळती झाली तर तो वेगळा व्याप. दार दोन फुटीच राहिलं. व्हीलचेअर आत जात नाही, पण बाबा काठीने जातात.

एक सूचना बाबांनी मानली नाही: आतून कडी लावू नका. "एवढं तरी माझं मला राहू दे," म्हणाले. सहा आठवड्यांनी मॅडम पुन्हा आल्या तेव्हा आईने त्यांना हे सांगितलं. त्यांनी आग्रह धरला नाही. दार आत उघडतं, माणूस दाराला टेकून पडला तर ते ढकलता येणार नाही, एवढं बाबांनाच समजावलं. मग बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं, आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली. आता बाबा आत जातात आणि कडी लावतात.