हरवलेला मोजा आणि ४०४

मोजे विकणाऱ्या ऑनलाइन दुकानासाठी ‘पान सापडलं नाही’ हे पान लिहायचं म्हणजे मजाच. विनोद आयताच हाती येतो, कारण धुवायला टाकलेल्या मोज्यांपैकी एक कुठे जातो ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. दुकानाच्या मालकांनी स्वतःच एक ओळ सुचवली होती: ‘अरेरे, रस्ता चुकलात वाटतं!’ ओळ खेळकर आहे, पण गिऱ्हाईक बिचारं रस्ता चुकलेलंच नसतं. कुणीतरी मागे कधीतरी पाठवलेली लिंक त्याने उघडलेली असते. दरम्यान दुकानाने तो मोजा विकायचं थांबवलेलं असतं, नाहीतर ‘लोकरी’ विभागाचं नाव बदलून ‘हिवाळी’ केलेलं असतं. बहुतेक वेळा घोळ आपणच घातलेला असतो, आणि वर हसतोय त्याला! म्हणून मी लिहिलं: ‘एक मोजा नेहमीच हरवतो. आज आमचं पान हरवलं.’

एवढ्यावर थांबलं तर तो नुसता विनोद होतो. हसून झाल्यावर माणसाला मोजे हवेच असतात. त्यामुळे खाली शोधाची चौकट आणि दोन-तीन विभागांच्या लिंक आल्या. त्यांचे शब्द मात्र साधेच हवेत: ‘लोकरी मोजे’, ‘धावण्याचे मोजे’. बटणावर ‘चला, जोडी जमवू या’ असं लिहायचा मोह मलाही झाला होता. पण दाबल्यावर काय होणार हे बटणावरून कळलं नाही तर लोक ते दाबतच नाहीत. आमचा नियम ठरला: गंमत मथळ्यात, काम बटणात.

या पानाची तपासणी करताना मुद्दाम लांबलचक पत्ता टाकून बघावा. `/xyz` वर मोज्याचं चित्र छान दिसतं आणि `/moje/lokari/xyz` वर गायब होतं, असं हमखास घडतं. चित्राचा पत्ता `img/moja.png` असा दिलेला असला की ब्राउझर ते `/moje/lokari/` मध्ये शोधत बसतो. सुरुवातीला एक तिरकी रेघ, म्हणजे `/img/moja.png`, एवढाच उपाय. हरवलेल्या पानावरचं चित्रच हरवावं हा विनोद जरा जास्तच झाला.

वाचकाला न दिसणारी पण शब्दांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व्हरचं उत्तर. पानावर ‘हरवलं’ असं लिहिलंय, पण सर्व्हर ४०४ म्हणजे ‘सापडलं नाही’ असं सांगायचं सोडून २०० म्हणजे ‘सगळं ठीक’ असं सांगतोय, तर गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं. ब्राउझरमध्येच सगळी पानं रचणाऱ्या साइटवर हे फार होतं, कारण तिथे सर्व्हर कुठल्याही पत्त्याला तोच सांगाडा आणि तेच २०० देत राहतो. तपासायला एक ओळ पुरते:

```
curl -I https://example.com/asa-moja-nahi
```

उत्तराच्या पहिल्या ओळीत 404 दिसलं पाहिजे. हरवलेला प्रत्येक पत्ता गुपचूप मुखपृष्ठाकडे वळवून टाकायचा, ही पळवाटही चालत नाही. गूगल तेसुद्धा सॉफ्ट ४०४ धरू शकतं, आणि गिऱ्हाईक तर पार गोंधळतं. त्यापेक्षा सर्व्हरच्या नोंदी चाळाव्यात. एकच जुना पत्ता पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्याला ३०१ लावून त्या मोज्याच्या नव्या पानाकडे वळवावं. जागा नुसती बदलली असेल तर हरवल्याचा विनोद कशाला ऐकवायचा?

एकदा सूर सापडला की तो सगळीकडे लावावासा वाटतो. रिकाम्या कार्टवर ‘पाय गार पडतील हं!’ हे चाललं. माल संपलाय तिथे ‘संपले. आले की कळवू’ एवढंच ठेवलं. पेमेंट अडकल्याच्या पानावर मालकांना ‘पैसेही मोज्यासारखे हरवले!’ हवं होतं. तिथे मी हटूनच बसले. पैसे कुठे आहेत या काळजीत असलेल्या माणसाला त्या क्षणी दुकान आवडत नाही, त्याला फक्त उत्तर हवं असतं. अडचण अशी की कधीकधी ते उत्तर दुकानालाही माहीत नसतं, कारण बँकेकडून निरोप उशिरा येतो. म्हणून ‘झालं’ आणि ‘झालं नाही’ यांच्या जोडीला तिसरा मजकूर लागतो. बऱ्याच दुकानांत तो नसतो, मग घाबरलेलं गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं. आमचा असा झाला: ‘पेमेंट झालं की नाही हे बँकेकडून अजून कळलेलं नाही. कृपया पुन्हा पैसे भरू नका. कळताच ईमेल करू. तुमचा ऑर्डर क्रमांक खाली आहे.’ मालकांनी तो वाचला आणि फारच कोरडा आहे म्हणाले. मी म्हटलं, असू दे.