पारदर्शक पाण्याला कड हवी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्किनकेअरचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका ताईंचे काम मी एप्रिलमध्ये केले. फोटो देऊन झाले, पैसेही मिळाले. तरी त्या कामातला एक मुद्दा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यांच्या जाहिरात एजन्सीने नमुना म्हणून एक चित्र पाठवले होते. फिकट पीच रंगाची पार्श्वभूमी, मधोमध सीरमची पांढरी चकचकीत बाटली, तिच्यावर टपोरे थेंब, दोन्ही बाजूंनी उसळलेले पाणी आणि सगळीकडे कुठेही कडक सावली न पाडणारा मऊ प्रकाश. सोबत निरोप होता की हे सगळे एकाच क्लिकमध्ये निघते. ज्यांनी कधी बादलीभर पाणी आणि फ्लॅश एकत्र हाताळलेले नाहीत, तीच मंडळी असे निरोप बेधडक पाठवतात.

थेंबांचे काम त्यातल्या त्यात सोपे असते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये साधे पाणी बाटलीवर टिकत नाही. फोकस पक्का करेपर्यंत बारीक थेंब वाळतात आणि मागे क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. म्हणून मेडिकलमधले ग्लिसरीन आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर समसमान घेऊन ते मिश्रण बारीक फवाऱ्याने मारायचे. ग्लिसरीन उडून जात नाही, त्यामुळे थेंब तासन्तास जागचे हलत नाहीत. आधी बाटलीवर गाडीच्या पॉलिशमधल्या मेणाचा अगदी पातळ हात फिरवला, की थेंब पसरत नाहीत, फुगीर राहतात. मोठे थेंब मात्र मी इन्सुलिनच्या सिरिंजने एकेक ठेवतो, कारण फवाऱ्याने सगळे थेंब एकाच मापाचे पडतात आणि ते खोटे दिसते. त्या दिवशी सुरुवातीचे थेंब चपटे होऊन एकमेकांत मिसळू लागले, तेव्हाच फवाऱ्यात साबणाचा अंश राहिल्याचे कळले. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि मग मेणही उपयोगी पडत नाही. फवारा डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा विसळला, बाटली पुसून परत मेण लावले, तेव्हा कुठे थेंब उभे राहिले.

खरा प्रश्न उसळलेल्या पाण्याचा होता, आणि त्यातही पहिला प्रश्न वेगाचा. एक फूट उंचीवरून पडणारे पाणी खाली पोचताना सेकंदाला साधारण २.४ मीटर वेगाने येते. माझ्या मोठ्या स्टुडिओ फ्लॅशच्या माहितीपत्रकात त्याचा प्रकाश १/८०० सेकंद टिकतो असे छापले आहे, पण ते माप प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचे असते. मागची मंदावत जाणारी शेपटी धरली तर तो काळ जवळजवळ तिप्पट होतो. तेवढ्या वेळात पाणी नऊ मिलिमीटर सरकते, म्हणजे थेंबाऐवजी ओघळाचा पट्टा उमटतो. कॅमेऱ्याचा शटर वाढवूनही उपयोग नसतो, कारण अशा फ्लॅशबरोबर तो सहसा १/२०० च्या आसपासच चालतो. अंधाऱ्या खोलीत पाणी गोठवतो तो फ्लॅशच.

त्यामुळे मी मोठा फ्लॅश बाजूला ठेवला आणि कॅमेऱ्यावर बसतात तसे चार छोटे स्पीडलाइट एकत्र बांधले. या दिव्यांची ताकद कमी केली की त्यांचा प्रकाश लवकर तोडला जातो. १/३२ ताकदीवर तो १/१०,००० सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि तेवढ्यात पाणी पाव मिलिमीटरही हलत नाही. चार दिवे मिळून एका दिव्याच्या १/८ ताकदीइतका उजेड होतो, पण क्षण मात्र तितकाच आखूड राहतो. तो उजेड ट्रेसिंग पेपरच्या मोठ्या चौकटीतून गाळला की बराच कमी होतो, म्हणून एफ/११ वर आयएसओ ४०० ठेवावा लागला. दिवे कागदापासून दोन फुटांवर ठेवल्यामुळे बाटलीच्या अंगावर मधे उजळ आणि कडेला हळूहळू मावळत जाणारा पट्टा आला. बाटली गोल आहे हे डोळ्याला त्या पट्ट्यामुळेच समजते.

माझा साहाय्यक बाजूने मगातून पाणी फेकत होता आणि खालच्या घमेल्यात जमलेले पाणी आम्ही मलमलीतून गाळून पुन्हा वापरत होतो. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तिथे फोटोसाठी पाणी गटारात सोडणे मला पटत नाही.

पाणी गोठले, कड्या आणि तंतू धारदार आले, पण चित्रात पाणी दिसेचना. ताई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “दादा, पाणी कुठंय?” पाण्याला स्वतःचा रंग नसतो, आजूबाजूचा उजेड वाकवून ते आपल्यापर्यंत पोचवते. पाण्याच्या कडेतून आपल्याला फोटोच्या चौकटीबाहेरचे दृश्य दिसत असते. तिथेही पीच रंगाचा पडदा आणि पांढरा मऊ उजेड असेल, तर कड, पोट आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची होतात. म्हणजे प्रकाश जितका मऊ आणि सगळीकडून येणारा, तितके पाणी अदृश्य. एजन्सीने एकाच ओळीत मागितलेल्या या दोन गोष्टी मुळातच एकमेकींच्या विरोधात आहेत.

उपाय ठाऊक होता. कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने चौकटीच्या अगदी लगत दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीट उभ्या केल्या आणि मागचा उजळलेला पडदा फ्रेमपुरताच ठेवला. लगेच प्रत्येक तंतूला बारीक काळी रेघ आली, कड्यांना जाडी आली आणि थेंबाच्या आत पडद्याची उलटी प्रतिमा उमटली. पण बाटलीलाही दोन काळे पट्टे आले. म्हणून थेंबांसह बाटली कार्डशीटशिवाय टिपली, पाणी कार्डशीट लावून टिपले, कॅमेरा तिपाईवरून न हलवता, आणि नंतर फोटोशॉपमध्ये दोन्ही जोडले. एजन्सीच्या नमुन्यातही मला हेच दिसते: बाटलीच्या कडा गोऱ्या आणि शेजारच्या पाण्याच्या कडा काळ्या आहेत. एका क्लिकमध्ये असे होऊ शकत नाही.

जोडलेले चित्र पाहून ताई म्हणाल्या, “पाणी काळपट का दिसायलंय? त्वचेच्या वस्तूवर काळं नको वाटतं.” त्यांच्या आग्रहावरून मी कडा फिकट करून दुसरी फाइल दिली. खोक्यावर तीच छापली गेली, आणि तिथे ते पाणी कागदावरच्या पुसट डागासारखे दिसते. फोनवरच्या जाहिरातीसाठी मात्र त्यांनी गडद कडांची फाइल घेतली, कारण छोट्या पडद्यावर फिकट पाणी त्यांनाही दिसत नव्हते. ग्राहकाला काय रुचते हे त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. पण कडेशिवाय पाणी दाखवायचे कसे, याचे उत्तर त्यांच्या म्हणण्यात नाही.

आता त्यांचा फेसवॉश यायचा आहे आणि एजन्सीने पुन्हा तसाच नमुना पाठवला आहे. या वेळी मी ताईंकडे पार्श्वभूमी एक-दोन छटांनी गडद करण्याची परवानगी मागितली आहे. पडदा गडद असला तर चौकटीलगत काळ्याऐवजी पांढऱ्या पट्ट्या उभ्या करता येतील, पाण्याच्या कडा उजळ रेघांनी उठून दिसतील आणि काळ्याची गरजच उरणार नाही. पेस्टलची नाजूक छटा तेवढी कमी होईल. एजन्सीचा त्याला विरोध आहे. ताईंनी दोन्ही रंगांच्या शीट विजापूर वेशीतून आणवून घेतल्या आहेत, आणि पुढच्या आठवड्यात दोन्हींवर पाणी फेकून बघायचे ठरले आहे.