पाच वर्षांपूर्वीचा कागद सापडतो कसा?

"पाच-सहा वर्षांपूर्वीच्या अपघाताची नोटीस आली तरी तुम्ही रिपोर्ट लगेच काढून देता, आमच्याकडे मागच्या वर्षीचा सापडत नाही, तुम्ही ठेवता कसं?"

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कोल्हापूरच्या कुठल्याही एमआयडीसीत गेलो की कुणीतरी हे विचारतंच. बहुतेक ठिकाणी रिपोर्ट असतात हो, पण तारखेच्या क्रमाने बॉक्स फाईलमध्ये कोंबलेले. आणि नोटीस येते तेव्हा नेमकी तारीखच पक्की नसते.

समजा ऑक्टोबर 2018 मध्ये आमच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या विभागात, ग्राइंडिंग करताना कॉन्ट्रॅक्टरच्या एका माणसाच्या डोळ्यात कण गेला. डोळा धुतला, डॉक्टरकडे नेला, दुसऱ्या दिवशी गडी कामावर. 48 तास काम बंद राहिलं नाही म्हणून फॅक्टरी इन्स्पेक्टरला नोटीस गेली नाही, नोंद फक्त आपल्याकडे. मग 2023 मध्ये वकिलाची नोटीस, त्या डोळ्याची नजर गेली म्हणून, आणि त्यात लिहिलेलं "सन 2019 च्या सुमारास". नाव आधार कार्डावरचं, आपल्या रजिस्टरात सुपरवायझरने लिहिलेलं शॉपवरचं हाक मारायचं नाव, कॉन्ट्रॅक्टर तर कधीच बदललेला. आता 2019 ची फाईल कितीही उलटा, काही मिळणार नाही.

म्हणून मी फाईलपेक्षा अनुक्रमणिकेच्या रजिस्टरला जास्त जपतो. प्रत्येक घटनेला एक नंबर, 2018/14 असा, आणि त्यापुढे रकाने: तारीख, कागदावरचं पूर्ण नाव, हाकेचं नाव, ईएसआयचा म्हणजे कामगार विम्याचा दहा आकडी नंबर, कॉन्ट्रॅक्टर, विभाग, मशीन, शरीराचा भाग. वरच्या केसमध्ये नावाने नाही सापडलं तरी "फेटलिंग, डोळा" असं दोन-तीन वर्षांच्या पानांवर बघितलं की मोजक्याच नोंदी उरतात, त्यातून ईएसआय नंबर किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या त्या महिन्याच्या मस्टरवरून माणूस पक्का करायचा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणून नोंद टाळणारे लय आहेत, पण कायद्याने मूळ मालकाकडूनही, म्हणजे आपल्या कारखान्याकडूनही, भरपाई मागता येते, तेव्हा तो कागद आपल्याकडेच हवा.

हाच नंबर त्या घटनेच्या प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात. प्रथमोपचार रजिस्टरची ओळ, डॉक्टरची चिठ्ठी, साक्षीदाराचा जबाब, गॉगल दिल्याची सही, फोटो. फोटोंचं विशेष सांगतो, ते सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेले असतात आणि त्याने मोबाईल बदलला की गेले. त्याच दिवशी प्रिंट काढा किंवा सर्व्हरवर टाका, फाईलचं नाव `2018-10-23_014_फेटलिंग_डोळा` असं वर्ष आधी ठेवून, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. थर्मल कागदावरच्या पावत्या काही वर्षांत पांढऱ्या पडतात, त्यांची झेरॉक्स लगेच. आणि रॅक तळमजल्यावर नको. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, तरीपण सांगतो कारण अजून ठेवतात.

आता किती वर्षं ठेवायचं. कायद्यात दावा करायला ठराविक मुदत दिलीय हे वाचून लोक ती संपली की कागद रद्दीत घालतात. पण योग्य कारण दिलं तर उशिराचा दावाही दाखल होऊ शकतो, हेही त्याच कायद्यात आहे. ईएसआयचं अपघात पुस्तक शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षं जपायचं असतं, तो मी किमान धरतो, कमाल नाही. त्यात फाउंड्रीत सिलिकाची धूळ, तिने होणारा फुप्फुसाचा आजार सिलिकोसिस दिसायला दहा-दहा वर्षं जातात, म्हणून धुळीचं मोजमाप आणि तब्येत तपासणीचे कागद आम्ही फेकतच नाही.

बाकीची रद्दी काढताना नष्ट केल्याचं रजिस्टर असतं, काय, कधी, कुणाच्या सहीने. मूळ अनुक्रमणिका मात्र कायम राहते, म्हणजे फाईल नसली तरी घटना नोंदवली होती आणि कागद नेमाप्रमाणे गेला, लपवला नाही, एवढं तरी दाखवता येतं. नोटीस किंवा वकिलाचं साधं पत्र जरी आलं तरी त्या नंबरच्या फाईलवर लाल चिठ्ठी, निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

अजून एक, जुना रिपोर्ट नंतर दुरुस्त करायचा मोह होतो, "हे वाक्य अंगाशी येईल" म्हणून. तसं करू नका. चूक असेल तर आजची तारीख घालून वेगळा कागद जोडा, कारण उलटतपासणीत वेगळ्या शाईतली एक ओळ दिसली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. 2018/14 मध्ये गॉगल दिल्याची सही नसेल तर नसेल, ती आज घ्यायची नाही.